कोणाचाही दोष नसलेला दुरावा

भांडणाने तुटलेल्या मैत्रीबद्दल लिहिणे त्या मानाने सोपे असते. भांडणाला तारीख असते, जागा असते, कोण काय बोलले ते दोघांनाही आठवत असते. लिहिणारा एक बाजू घेतो किंवा दोन्ही बाजू मांडतो आणि वाचकाला कथा मिळते. न भांडता विरलेल्या मैत्रीबद्दल लिहायला बसले की यातले काहीच हाताशी नसते. शेवटची भेट शेवटची आहे हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते, म्हणून ती नीट लक्षातही राहत नाही. पत्र लिहायचे राहून जाते, मग उशीर झाल्याचा संकोच वाटतो, आणि पुढे तो संकोचच न लिहिण्याचे कारण होऊन बसतो. अशा मैत्रीवर लिहिणाऱ्याला मोठा मोह असतो तो कारण शोधून काढण्याचा. कुठला तरी शब्द, कुठला तरी प्रसंग पकडून 'इथेच बिनसले' असे म्हटले की लेखन आकाराला येते, पण ते खरे राहीलच असे नाही.

या अडचणीचे एक उदाहरण एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी साहित्यात आहे, आणि त्याचे कागद बऱ्यापैकी शिल्लक आहेत. 'मोबी डिक'चा लेखक हर्मन मेलव्हिल आणि 'द स्कार्लेट लेटर'चा लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची मैत्री सव्वा वर्षाहून थोडा अधिक काळ भरात होती. पुढे ती ओसरली. दोघांत भांडण झाल्याचा कुठलाही पुरावा नाही. मेलव्हिल मात्र पुढची कित्येक वर्षे या ना त्या रूपात तिच्याबद्दल लिहीत राहिला.

दोघांची ओळख ५ ऑगस्ट १८५० रोजी मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिमेकडच्या बर्कशायर डोंगरांत झाली. लेखक-प्रकाशकांची एक सहल मॉन्युमेंट माउंटन नावाच्या डोंगरावर गेली होती. वाटेत पावसाची सर आली, सगळे खडकांच्या आडोशाला थांबले आणि गप्पा रंगल्या. हॉथॉर्न तेव्हा ४६ वर्षांचा होता. 'द स्कार्लेट लेटर' त्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती आणि तो लेनॉक्सजवळ एका छोट्या लाल घरात राहत होता. मेलव्हिलला नुकतेच ३१वे वर्ष पूर्ण झाले होते. खलाशी म्हणून केलेल्या सफरींवरच्या पुस्तकांनी त्याला नाव मिळवून दिले होते आणि देवमाशाच्या शिकारीवरचे पुस्तक अर्धवट लिहून झाले होते. हॉथॉर्न माणसांत फारसा न मिसळणारा म्हणून प्रसिद्ध. तरीही दोनच दिवसांनी त्याने एका जुन्या मित्राला कळवले की मेलव्हिल आपल्याला इतका आवडला, की त्याला काही दिवस घरी राहायलाच बोलावले आहे.

त्याच महिन्यात एका साप्ताहिकाच्या दोन अंकांत हॉथॉर्नच्या कथांवर एक निनावी लेख आला. लिहिणाऱ्याने स्वतःची ओळख उन्हाळ्यात व्हरमाँटला आलेला व्हर्जिनियाचा रहिवासी अशी करून दिली होती. हॉथॉर्नच्या लेखनातला काळोख त्याने शेक्सपिअरच्या तोडीचा ठरवला होता. लेखक होता मेलव्हिल. सप्टेंबरात त्याने पिट्सफील्डला शेत आणि घर विकत घेतले, त्याचे नाव ठेवले 'ॲरोहेड'. लाल घरापासून ते सुमारे सहा मैलांवर, म्हणजे घोड्यावरून सहज जाण्याजोगे होते.

या मैत्रीचा एक दिवस हॉथॉर्नच्या वहीत टिपलेला आहे. १ ऑगस्ट १८५१, मेलव्हिलचा ३२वा वाढदिवस. हॉथॉर्नची पत्नी सोफिया मुलींना घेऊन माहेरी गेली होती आणि घरात तो व पाच वर्षांचा मुलगा ज्युलियन असे दोघेच होते. रस्त्यात एका घोडेस्वाराने स्पॅनिशमध्ये अभिवादन केले, पाहतो तर मेलव्हिल. जेवण झाले, ज्युलियन झोपला आणि दोघे सिगार ओढत रात्री उशिरापर्यंत काळ, अनंत, इहलोक, परलोक, पुस्तके, प्रकाशक अशा मिळेल त्या विषयावर बोलत बसले. हॉथॉर्नच्या नोंदीत समाधान स्पष्ट जाणवते, आणि ते महत्त्वाचे आहे. पुढच्या काळात ही मैत्री एकतर्फी होती, मेलव्हिलच वेडावला होता आणि हॉथॉर्न फक्त सोसत होता, असे अनेकांनी सुचवले. या नोंदीतला माणूस सोसणारा दिसत नाही.

नोव्हेंबर १८५१च्या मध्यावर 'मोबी डिक' न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले. ते हॉथॉर्नला अर्पण केलेले होते. हॉथॉर्नने पुस्तक वाचून लेखकाला पत्र लिहिले. ते पत्र आज उपलब्ध नाही, पण त्याला मेलव्हिलने पाठवलेले उत्तर आहे. कोणीतरी आपल्याला आरपार ओळखले, या आनंदाने ते ओसंडून वाहते. ताजा कलम म्हणून तो लिहितो की घराच्या एका टोकाला कागदाचा कारखाना असावा, त्यातून कागदाची न संपणारी पट्टी टेबलावर येत राहावी आणि तिच्यावर हॉथॉर्नला एकच अखंड पत्र लिहीत बसावे. त्याखाली आणखी एक ताजा कलम आहे आणि त्याचा सूर एकदम बदलतो. दर पत्राला लगेच उत्तर येईल अशी धास्ती घेऊ नका, मीही नेहमी उत्तर देणार नाही आणि तुम्हीही वाटेल तसे करा, असे तो हॉथॉर्नला सांगतो. पुढे जे झाले त्याची मुभा मैत्रीच्या सर्वांत उत्कट पत्रातच देऊन ठेवलेली होती. म्हणून दुराव्याची सुरुवात त्या पत्रात शोधणे मात्र चूक ठरेल. त्या क्षणी ते फक्त एका भल्या माणसाचे सौजन्य होते.

त्याच महिन्यात, २१ नोव्हेंबरला, हॉथॉर्न कुटुंब लेनॉक्स सोडून बॉस्टनजवळच्या वेस्ट न्यूटनला राहायला गेले. मेलव्हिलच्या पुस्तकाशी या स्थलांतराचा संबंध असल्याचे कुठे दिसत नाही. घर लहान पडत होते, हवा हॉथॉर्नला मानवत नव्हती, आणि जाण्याचे आधीच ठरलेले होते. पण आता मध्ये राज्याची सगळी रुंदी आली. संध्याकाळी घोड्यावर बसून मित्राकडे जाण्याची सोय गेली आणि भेटीला बेत, आमंत्रण, प्रवास यांची गरज लागू लागली. प्रत्येक वेळी कोणीतरी पुढाकार घ्यावा लागतो अशा मैत्रीत पुढाकार कोणाचा, हा प्रश्न नकळत येतोच. शेजारपण होते तोवर तो कधी आला नव्हता.

१८५२च्या उन्हाळ्यात मेलव्हिलने पुढाकार घेतला. नँटकेट बेटाच्या सफरीत एका वकिलाकडून त्याने अगाथा नावाच्या स्त्रीची हकिगत ऐकली. तिचा खलाशी नवरा तिला सोडून गेला आणि सतरा वर्षांनी परतला. ही कथा हॉथॉर्नच्या लेखणीला साजेल असे वाटून त्याने ती १३ ऑगस्टच्या लांबलचक पत्रात त्याला देऊ केली, वर आपल्याला सुचलेले तपशीलही जोडले. त्यातला एक असा: रस्त्याकडेला एका खांबावर टपालाची पेटी आहे, अगाथा रोज तिथे जाऊन पाहते आणि पत्र येत नाही. वर्षे जातात, खांब कुजतो, भोवती गवत माजते, पेटीत एक पाखरू घरटे करते आणि शेवटी खांब पडतो. हॉथॉर्नने कथा लिहायला घेतली नाही. शेवटी मेलव्हिल त्याला कॉन्कॉर्डला जाऊन भेटला, तेव्हा त्यानेच ती लिहावी असे हॉथॉर्नने सुचवले. त्यानंतर मेलव्हिलने पत्र पाठवून कागद परत मागवले. मेलव्हिलने हॉथॉर्नला लिहिलेली जी पत्रे आज उपलब्ध आहेत, त्यांत हे शेवटचे.

न येणाऱ्या पत्राची कथा एका मित्राने दुसऱ्याला द्यावी आणि तिथेच पत्रे थांबावीत, हा योगायोग अभ्यासकांना खुणावतो आणि त्यात अर्थ भरण्याचा मोह होतो. तारखा पाहिल्या तर सावध राहावे लागते. कथा देऊ केली तेव्हा दोघांचे संबंध चांगले होते, आणि तिला नकार मिळाला तोही मायेने, सल्ल्याच्या रूपात. मेलव्हिलला तो लागला का? त्याने कुठेही तसे लिहिलेले नाही.

हॉथॉर्नच्या बाजूने आणखी एक गोष्ट घडली. त्याचा कॉलेजपासूनचा मित्र फ्रँकलिन पिअर्स १८५३मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. त्याने हॉथॉर्नला लिव्हरपूलचा वकील, म्हणजे कॉन्सल, म्हणून नेमले. मेलव्हिलची पुस्तके तेव्हा खपत नव्हती, त्यामुळे त्याच्यासाठीही असेच एखादे पद मिळावे म्हणून हॉथॉर्नने शब्द टाकला. ते जमले नाही. मदत करू पाहणारा आणि मदतीची गरज असलेला अशी ही नवी जोडी, आणि त्यात अपयश. दोघांनीही एकमेकांना बोल लावला नाही, पण तीन वर्षांनी समोरासमोर आले तेव्हा पहिली अवघडलेली मिनिटे याच गोष्टीची होती.

ती भेट नोव्हेंबर १८५६मध्ये झाली. मेलव्हिल प्रकृती सुधारण्यासाठी सासऱ्यांच्या पैशांनी भूमध्य समुद्र आणि जेरुसलेमकडे निघाला होता आणि वाटेत लिव्हरपूलला उतरला. हॉथॉर्न त्याला साउथपोर्टला आपल्या घरी घेऊन गेला. एक दिवस दोघे समुद्रकाठी लांब फिरायला गेले आणि वाऱ्यापासून आडोसा पाहून वाळूच्या टेकड्यांमधल्या एका खळग्यात सिगार ओढत बसले.

या एका दिवसाच्या दोन नोंदी आहेत आणि त्या शेजारी ठेवून वाचाव्यात अशा आहेत. मेलव्हिलची नोंद जेमतेम काही शब्दांची आहे: दिवस छान गेला, समुद्रावर लांब फेरफटका, वाळू आणि गवत, जोराचा वारा, चांगल्या गप्पा, संध्याकाळी बिअर आणि एक बैठा खेळ. हॉथॉर्नची नोंद आठवड्याभराने, २० नोव्हेंबरला लिहिलेली आहे आणि विस्तृत आहे. सुरुवातीला आपल्याला संकोच वाटला, कारण नेमणुकीच्या फसलेल्या खटपटीनंतरची ही पहिलीच भेट होती, हे तो मोकळेपणाने नोंदवतो. आपल्या हातात सत्ताच नव्हती, तेव्हा ओशाळण्याचे कारण नव्हते, असे स्वतःलाच समजावतो आणि थोड्याच वेळात पूर्वीसारखा मोकळेपणा आला असेही लिहितो. मग मित्राचे वर्णन येते. मेलव्हिल पुन्हा ईश्वर आणि परलोक यांवर बोलू लागला, त्याला श्रद्धाही ठेवता येत नाही आणि अश्रद्धेत स्वस्थही बसता येत नाही, असे हॉथॉर्न म्हणतो. तो ज्या वैराण प्रश्नांत भटकतो ते भोवतीच्या वाळूच्या टेकड्यांइतकेच उदास आहेत, असेही निरीक्षण करतो. त्याचा प्रामाणिकपणा, धैर्य आणि स्वभावाची उंची यांना तो मनापासून दाद देतो.

मेलव्हिलबद्दल कोणा समकालीनाने इतक्या समजुतीने लिहिल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे. आणि ते मेलव्हिलला उद्देशून नव्हते, खासगी वहीत होते. नोंद मायाळू आहे, पण तिच्यातली जागा बदललेली आहे. १८५१च्या नोंदीत दोघे मिळून बोलत होते. १८५६च्या नोंदीत एक बोलतो आणि दुसरा त्याच्याकडे पाहतो. न भांडता येणारा दुरावा कागदावर कुठे दिसतो, असे विचारले तर या फरकाकडे बोट दाखवता येईल. जिव्हाळा तेवढाच आहे, पण सहभागाच्या जागी आता निरीक्षण आले आहे.

परतीच्या वाटेवर, मे १८५७मध्ये, मेलव्हिल लिव्हरपूलला हॉथॉर्नला ओझरता भेटला. त्याने वहीत भेट झाल्याचा फक्त उल्लेख केला. त्यानंतर ते भेटल्याची नोंद नाही. १९ मे १८६४ रोजी हॉथॉर्न पिअर्सबरोबर प्रवासात असताना न्यू हॅम्पशायरमध्ये झोपेतच वारला.

मेलव्हिलने या मैत्रीवर कधी आठवणीवजा लेख लिहिला नाही. तो १८६६पासून न्यूयॉर्कच्या जकात खात्यात नोकरी करत होता आणि फावल्या वेळात कविता लिहीत होता. १८७६मध्ये त्याची 'क्लॅरेल' ही सुमारे अठरा हजार ओळींची कविता काकाच्या खर्चाने छापली गेली, अवघ्या ३५० प्रतींत. जेरुसलेमच्या परिसरात फिरणाऱ्या यात्रेकरूंच्या या कथेत व्हाइन नावाचा एक अबोल, आकर्षक, मध्यमवयीन अमेरिकी आहे. त्याच्यात हॉथॉर्नची छाया आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. जॉर्डन नदीजवळच्या एका सर्गात तरुण क्लॅरेल झाडीत व्हाइनशेजारी बसतो. व्हाइन त्या वेळी मोकळेपणाने बोलतो, आणि याने आपल्याला भाऊ म्हणावे अशी तीव्र इच्छा क्लॅरेलच्या मनात येते. तो ती बोलून दाखवत नाही. इतक्यात व्हाइनच्या चेहऱ्यावर एक सावली येते आणि क्लॅरेल ती नाराजी समजून स्वतःला मागे खेचतो.

हा प्रसंग फार बारकाईने रचलेला आहे. व्हाइन नकार देत नाही. नकाराचे जे शब्द कवितेत येतात ते क्लॅरेलने त्या सावलीवरून मनाशी जुळवलेले असतात. ती सावली दुसऱ्याच कशाची असू शकते, याची जागा मेलव्हिल जाणूनबुजून ठेवतो. मागितलेच नाही, तर नाकारले गेलो हे कशावरून म्हणायचे? दोन माणसे न भांडता दूर होतात तेव्हा पुष्कळदा एवढेच घडलेले असते आणि नंतर सांगताना त्याला 'त्याने झिडकारले' असे रूप येते. मेलव्हिलने ते रूप येण्याची क्रियाच दाखवली. अशा मैत्रीवर लिहिणाऱ्याला घेण्यासारखे तंत्र यात आहे: दुसऱ्याच्या मनातले सांगायचे नाही, आपण काय गृहीत धरले ते गृहीत म्हणूनच सांगायचे.

प्रत्यक्ष आयुष्यात त्याला हे नेहमी साधले नाही. १८८३मध्ये ज्युलियन हॉथॉर्न, १८५१च्या त्या रात्री लवकर झोपी गेलेला मुलगा, आईवडिलांचे चरित्र लिहिण्याच्या तयारीत होता. वडिलांची पत्रे मागायला तो न्यूयॉर्कमध्ये मेलव्हिलकडे गेला. ज्युलियनने पुढे सांगितले त्याप्रमाणे, ती पत्रे फार पूर्वीच नष्ट केल्याचे मेलव्हिलने सांगितले. हॉथॉर्नने आयुष्यभर काहीतरी मोठे गुपित दडवून ठेवले होते, ते कळले तर त्याच्याबद्दलची सगळी कोडी सुटतील, असा आपला विश्वासही त्याने बोलून दाखवला. ज्युलियन फार काटेकोर साक्षीदार नव्हता, तरी कथनाचा गाभा विश्वसनीय मानला जातो. म्हणजे हॉथॉर्नच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनीही मेलव्हिलला कारण हवे होते. ते आपल्या दोघांत सापडत नाही म्हटल्यावर त्याने ते दुसऱ्याच्या आत, कधीच न उघडणाऱ्या जागी नेऊन ठेवले.

पत्रांचा उलटा हिशेब इथे लक्षात घ्यायला हवा. मेलव्हिलची पत्रे हॉथॉर्नच्या घरी जपून ठेवलेली होती, म्हणूनच ज्युलियनला त्यांतली काही आपल्या ग्रंथात छापता आली. हॉथॉर्नची पत्रे मेलव्हिलनेच नष्ट केली. आलेली पत्रे न ठेवणे ही त्याची सवयच होती, त्यात राग शोधण्याचे कारण नाही. पण परिणाम असा, की ज्याच्यावर थंडपणाचा आरोप होतो त्याची बाजू आज जवळजवळ मुकी आहे, आणि ती मुकी झाली ती उत्कट मित्राच्या हातून.

१८९१च्या वसंतात, मृत्यूच्या काही महिने आधी, मेलव्हिलने 'टिमोलियन' हा संग्रह फक्त २५ प्रतींत छापून घेतला. त्यात 'मोनोडी' नावाची बारा ओळींची शोककविता आहे. तिच्या पहिल्या सहा ओळींत सगळे येते: दीर्घ एकटेपणानंतर एक माणूस भेटला, तो प्रिय झाला, मग जिवंतपणीच दुरावा आला, चूक कोणाचीही नव्हती, आणि आता मृत्यूने त्यावर शिक्का मारला. उरलेल्या सहांत बर्फाखालची समाधी आहे आणि लाजरी द्राक्षे लपवणारा, आता हिमाने गोठलेला वेल. कवितेत कारण नाही, प्रसंग नाही, मित्राचे नावही नाही. अशा मैत्रीवर याहून प्रामाणिक लेखन फार थोडे असेल, कारण जे माहीत नाही ते इथे भरून काढलेले नाही.

तरी त्या कवितेतला एक शब्दसमूह दिसतो तितका सोपा नाही. चूक कोणाचीही नाही, हा निवाडा आहे आणि तो एकाच पक्षाने दिलेला आहे. दुसऱ्याला तो मान्य होता का? तो ज्याला दुरावा म्हणतो त्याला हॉथॉर्न दुरावा तरी म्हणाला असता का? साउथपोर्टच्या नोंदीत पूर्वीचा मोकळेपणा परत आल्याचे समाधान आहे, दुराव्याचा शब्द नाही. मित्र लांब राहतो, क्वचित भेटतो, पण मित्रच आहे, असे हॉथॉर्नला वाटत असणे अगदी शक्य आहे. मैत्री विरली की नाही यावरच दोघांचे मत वेगळे असू शकते, ही या प्रकारच्या लेखनातली खरी न सुटणारी गाठ आहे. भांडणात निदान भांडण झाले यावर दोघांचे एकमत असते.

कविता हॉथॉर्नसाठीच लिहिली गेली का, याबद्दलही वाद आहे. 'क्लॅरेल'मधला व्हाइन आणि इथला द्राक्षवेल यांचे नाते हा त्या मताचा मुख्य आधार, कारण मूळ इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द आहे. पण हॉथॉर्नचे दफन मे महिन्यात झाले आणि कवितेत कडक हिवाळा आहे. समाधी नंतरच्या हिवाळ्यात कल्पिली असेल, असे त्यावर उत्तर दिले जाते. मेलव्हिलचे नामवंत अभ्यासक हॅरिसन हेफर्ड यांनी १९९०मध्ये या एकाच प्रश्नावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि पुरावा समजला जातो तितका पक्का नाही हे दाखवले. बहुतेक वाचक आजही ती हॉथॉर्नचीच मानतात.

हॉथॉर्नने 'मोबी डिक' वाचून लिहिलेले ते नोव्हेंबर १८५१चे पत्र कुठे सापडले, तर त्याने मित्राच्या पुस्तकात काय पाहिले ते कळेल आणि मेलव्हिलच्या त्या आनंदाचे कारण समजेल. दुराव्याबद्दल मात्र त्यातून काहीच कळणार नाही, कारण ते लिहिले गेले तेव्हा दोघे अजून सहा मैलांवरचे शेजारी होते.